जिची लिंक तिलाच



गेल्या पावसाळ्यात आम्ही एक बैठक ठेवली होती. देवबाग, तारकर्ली, वायरी, आचरा, मसुरे इकडच्या गटांमधल्या एकवीस जणी आणि एक वकील ताई. विषय होता, बाईच्या सहीवर घरच्यांनी काढलेली कर्जे. असला विषय ग्रामपंचायतीच्या सभागृहात घेतला, तर आत काय बोलणं झालं हे कळायच्या आधी कोण कोण आत गेली ते साऱ्या वाडीला कळतं. शिवाय पाऊस, खाडी, एसटीचं वेळापत्रक. म्हणून आम्ही बैठक मोबाईलवर, झूमवर ठेवली. प्रत्येकीने आपल्या घरात, दार लोटून बसायचं आणि मोकळेपणी विचारायचं.

एक ताई मोकळेपणी बोलली. होडीच्या इंजिनासाठी तिच्या सहीवर कर्ज काढलेलं, हप्ते थकलेले आणि नोटीस तिच्या नावावर. आपण वकिलाला विचारतोय हे तिने घरी सांगितलेलं नव्हतं. वकील ताईंनी तिला नीट समजावलं. बाईला मोफत विधी सेवा मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हेही सांगितलं. १९८७ च्या कायद्यातच ते आहे. बैठक छान झाली असं आम्हांला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, काल मी बोललंय ता आज बाजारात पोचला कसा?"

पुढे तिच्या घरात काय झालं ते आम्ही इथे सांगणार नाही. ती दोन महिने गटाच्या बैठकीला आली नाही, एवढंच सांगतो. आज तिला विचारून, तिच्या परवानगीनेच हे बोलतो आहोत.

आता हे पोचलं कसं, ते आम्ही मागे मागे जात शोधलं. बैठकीची लिंक आम्ही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. त्या ग्रुपमध्ये चौसष्ट नंबर आहेत. आपल्या कितीतरी जणींचा नंबर म्हणजे मुलाचा नाहीतर नवऱ्याचा फोन असतो, हे आम्हांला माहीत होतं, पण लिंक टाकताना ते डोक्यात आलं नाही. एका मुलाने ती लिंक बघितली आणि सहज दुसऱ्याला पाठवली. त्याने तिसऱ्याला. कोणी वाईट हेतूने केलं असंही नाही, बायका काय बोलतात ते ऐकू, एवढीच मजा. दोन-तीन फॉरवर्डमध्ये लिंक किनाऱ्यावर पोचली.

आणि आमची चूक बघा. एकवीस जणी येणार होत्या आणि यादीत सत्तावीस दिसत होत्या. आम्ही खूश! म्हटलं, बायका वाढल्या. नावं बघितली असती तर शंका आली असती. पण नावं होती “Redmi”, “Galaxy”, “आई”, “Papa”. आपल्या निम्म्या बायकांच्या फोनचं नाव असंच काहीतरी असतं, कारण ते कोणी बदलतच नाही. नवऱ्याच्या फोनवरून आलेली बाई “Papa” दिसणार आणि खरोखरचा पापाही “Papa”च दिसणार. कॅमेरा बंद, आवाज बंद. कोण ओळखणार?

तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "पण आपण पासवर्ड ठेवला होता ना?" ठेवला होता. तो कसा वाया जातो, हे कळायला आम्हांला झूमची लिंक नीट वाचावी लागली. रेडिओवर ती दाखवता येत नाही, अंकात मात्र ती खाली छापली आहे. आकडे आणि अक्षरं नमुन्याची आहेत, तुम्ही दाबून बघू नका, काही उघडणार नाही.

```
https://us02web.zoom.us/j/81234567890?pwd=AbCd1234
```

मधला लांब आकडा म्हणजे बैठकीचा क्रमांक. प्रश्नचिन्हानंतर `pwd=` लिहिलंय, तो पासवर्डच. म्हणजे लिंक पाठवली की कुलूप आणि चावी एकत्रच पाठवली. जो लिंक दाबेल त्याला पासवर्ड विचारलाच जात नाही, लिंकच तो परस्पर भरते. पासवर्डाचा उपयोग होतो तो क्रमांकाचा अंदाज बांधून घुसणाऱ्या अनोळखी माणसापासून. लिंक ज्याच्या हातात पडली, त्याच्यापुढे तो काही करत नाही. घराची चावी तुळशीखाली ठेवायची आणि तसं गावभर सांगायचं, तसलं हे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात घडलं. बेळगाव-कारवारकडचे खटले ज्या धारवाड खंडपीठात चालतात, तेच हे न्यायालय. ४ डिसेंबरला व्हिडिओवर सुनावणी चालू असताना कोणीतरी आत शिरून पडद्यावर अश्लील चित्रफीत लावली. दुसऱ्या दिवशी मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी व्हिडिओ सुनावणी आणि थेट प्रक्षेपण, दोन्ही थांबवत असल्याचं सांगितलं. त्याच्याही आधी, टाळेबंदीत, १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमबद्दल सूचना काढली होती. प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक आणि नवा पासवर्ड, बाहेर थांबायची खोली सुरू ठेवा, सगळे आल्यावर दार बंद करा, असं त्यात होतं.

न्यायालयाची अडचण वेगळी आहे, त्याचं दार लोकांसाठी उघडंच असावं लागतं. आपलं तसं नाही. आपल्या बैठकीला कोण येणार ते आपल्याला आदल्या दिवशी नावानिशी माहीत असतं. म्हणून आपल्याला जे करता येतं ते न्यायालयाला सोपं नाही.

पहिल्यांदा आम्ही ती बाहेर थांबायची खोली करून बघितली. झूममध्ये तिला `Waiting Room` म्हणतात. लिंक दाबणारी व्यक्ती आधी बाहेर थांबते, आम्ही नाव बघून आत घ्यायचं. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या बैठकीची पहिली वीस मिनिटं त्यातच गेली. बाहेर “आई” उभी. कोणाची आई? फोन करून विचारायचं, तर तिच्याच फोनवर बैठक चालू, मग ती फोन कसा उचलणार? आणि नाव तर ज्याला जे हवं ते लिहिता येतं. “सुनीता” असं लिहून कोणीही उभं राहील आणि आमच्या गटांत सुनीता पाच आहेत. शेवटी कंटाळून आम्ही सगळ्यांनाच आत घेतलं, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच. बाहेरची खोली वाईट नाही, पण दारावर उभ्या असलेल्या बाईला समोरची व्यक्ती ओळखायला काहीतरी खूण लागते. सगळ्यांची लिंक एकच असली की ती खूण नसते.

मग आम्ही नोंदणीची पद्धत धरली. यात बैठकीला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिची वेगळी लिंक मिळते. बैठक तीच, पण एकवीस जणींच्या एकवीस लिंक. त्या लिंकची रचनाही वेगळी दिसते:

```
https://us02web.zoom.us/w/81234567890?tk=XyZ9876
```

वरच्या लिंकमध्ये `/j/` होतं, इथे `/w/` आहे. आणि शेवटी `tk=` म्हणून जी अक्षरांची माळ आहे ती प्रत्येकीची वेगळी. प्रत्यक्षात ती खूपच लांब असते, इथे छोटी करून छापली. त्या माळेवरून झूमला कळतं की ही कोणाच्या नावाची लिंक आहे. तुमच्याकडे आलेली लिंक सगळ्यांची आहे की तुमची, हे ओळखायचं असेल तर `tk=` शोधा.

आता हे कसं करायचं ते सांगतो. आधी खर्चाचं. झूमच्या फुकट खात्यावर ही सोय नाही. बैठक बोलावणाऱ्या एका खात्याला पैसे भरावे लागतात. येणाऱ्या बायकांना काही भरावं लागत नाही, त्यांचं झूमवर खातं असायचीही गरज नाही. तालुक्यात कोणाकडे ना कोणाकडे असं खातं असतं, प्रशिक्षण घेणारी संस्था असेल नाहीतर महाविद्यालय असेल. आम्ही तसंच एक खातं वापरतो. त्यांना आधी विचारून ठेवा.

बैठक ठरवताना मोबाईलच्या ॲपमधून ठरवू नका. ब्राउझरमध्ये zoom.us उघडून ठरवा, कारण नोंदणीचे सगळे पर्याय तिथे मिळतात. तिथे `Registration` समोर `Required` अशी चौकट असते, तिच्यावर खूण करायची. एक लक्षात ठेवा, काही जणी कायमचा एकच क्रमांक वापरतात, त्याला `Personal Meeting ID` म्हणतात. त्याच्यावर नोंदणी चालत नाही. दर वेळी नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि ते बरंच आहे.

बैठक जतन झाली की नोंदणीच्या भागात आणखी दोन गोष्टी बघायच्या. या दोन चुकल्या तर वेगळी लिंक असून नसल्यासारखी.

पहिली गोष्ट मंजुरी. झूम विचारतं, नोंदणी आपोआप मंजूर करू की तुम्ही स्वतः करणार? बहुतेक ठिकाणी आपोआप मंजुरीच ठेवलेली असते. तिथेच आम्ही पहिल्यांदा फसलो. नोंदणीसाठी एक फॉर्म असतो आणि त्या फॉर्मची लिंक सगळ्यांना एकच असते. ती आपण ग्रुपवर टाकणार आणि ती पुन्हा फिरणार. जो फॉर्म भरेल त्याला झूम लगेच स्वतंत्र लिंक देऊन टाकतं. म्हणजे बाहेरचा माणूसही रीतसर नोंदणी करून, स्वतःची वेगळी लिंक घेऊन आत येतो! म्हणून `Manually Approve` हा पर्याय निवडा. मग फॉर्म कोणीही भरू दे, तो फक्त अर्ज ठरतो. लिंक कोणाला द्यायची ते आपण ठरवतो. कोणी बैठकीचा नुसता क्रमांक टाकून यायला बघितलं, तर त्याच्याही समोर हा फॉर्मच येतो.

दुसरी गोष्ट, `Allow attendees to join from multiple devices` असं लिहिलेली खूण. ती काढून टाका. ती काढली की एका लिंकवर एका वेळी एकच फोन आत राहू शकतो. ती ठेवली, तर एकीने आपली लिंक पुढे पाठवली की तिच्या नावावर चार फोन आत येऊ शकतात.

फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल विचारतातच. आम्ही त्यात आणखी दोन प्रश्न घातले, गटाचं नाव आणि गटाच्या वहीत लिहिलेला मोबाईल नंबर. हा नंबरच आमची खरी खूण ठरला. कसं, ते एका बैठकीच्या आकड्यांवरून सांगतो.

त्या बैठकीसाठी एकूण एकोणतीस अर्ज आले. आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि फॉर्ममधला नंबर वहीतल्या नंबराशी लावून बघितला. बावीस जणींचे नंबर जुळले, त्यांना मंजुरी दिली. सात उरले. त्या सातांना आम्ही फॉर्ममधल्या नंबरवर फोन केला नाही, कारण तो नंबर अर्ज करणाऱ्याचाच असणार. वहीतल्या नंबरवर केला. चार जणींनी सांगितलं, होय, अर्ज मीच भरला, फक्त नंबर नवीन घेतलाय किंवा मुलीने भरताना तिचा टाकला. त्यांनाही मंजुरी. एकीने दोनदा अर्ज भरला होता, त्यातला एक ठेवला. राहिले दोन. एकीने सांगितलं, "मी खयचो अर्ज भरूक नाय." तिच्या नावाने दुसऱ्याच कोणीतरी भरला होता. शेवटच्या अर्जातलं नाव आमच्या कोणत्याच वहीत नव्हतं. हे दोन्ही आम्ही नाकारले. सगळं मिळून दोन तास गेले. पण ते दोन तास आदल्या दिवशी गेले, बैठकीतले नव्हे.

आता ईमेलची अडचण. लिंक ईमेलवर जाते आणि आपल्या बायकांचं उत्तर ठरलेलं असतं, "माका मेल नाय, झिलाचो आसा." झिलाच्या मेलवर लिंक गेली की ती पुन्हा झिलाच्या फोनवर, म्हणजे आम्ही जिथून सुटायला बघत होतो तिथेच. यावर आम्ही काढलेला उपाय थोडा मेहनतीचा आहे. मंजूर झालेल्यांच्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे तिचं निमंत्रण कॉपी करायची सोय असते. ते कॉपी करून आम्ही त्या बाईला स्वतंत्रपणे पाठवतो. व्हॉट्सॲपवर पण ग्रुपवर नाही, आणि बैठकीच्या अर्धा तास आधी, त्याच्या आधी नाही. सोबत एक ओळ लिहितो, ही लिंक फक्त तुमची आहे, दुसऱ्याला दिलीत तर तो तुमच्या नावाने आत येईल. शेवटचे हे शब्द फार उपयोगी पडले. लिंक फॉरवर्ड करू नका असं सांगितलं की कोणी ऐकत नाही. तुमच्या नावाने तो आत दिसेल म्हटल्यावर मात्र बायका जपून राहतात.

कॉपी करताना एक चूक होते, ती आमच्याकडूनही झाली. आमच्यातल्या एकीने चाचणी म्हणून स्वतःची नोंदणी केली, तिला तिची लिंक आली आणि तीच तिने ग्रुपवर टाकली. मग सगळ्याजणी तिच्या एकाच लिंकने आत यायला लागल्या आणि अडकल्या, कारण एका वेळी एकच फोन. बैठक दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. नोंदणी करूनही बायका आत येत नसतील तर आधी हेच तपासा, कोणीतरी आपली लिंक वाटली असणार.

या पद्धतीचा खरा उपयोग आम्हांला तिसऱ्या बैठकीत कळला. बैठक सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली होती. यादीत सगळी नावं दिसत होती. एवढ्यात आचऱ्याकडच्या एका ताईचा फोन आला, "वीज गेली हा गो, मी अजून जोडलंयच नाय." आणि तिचं नाव तर आमच्यासमोर यादीत! आम्ही बैठकीत तिच्या नावाने हाक मारली, ताई, आवाज सुरू करा, दोन शब्द बोला. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, तरी उत्तर नाही. मग ते नाव आम्ही बैठकीतून काढलं आणि नोंदणीच्या यादीत जाऊन तिची नोंदणी रद्द केली. त्यानंतर ती लिंक मेली. बाकी सगळ्यांची लिंक जशीच्या तशी चालू, बैठकही थांबली नाही. ताईला तिच्या बहिणीच्या ईमेलवर नवी नोंदणी करून दिली. ती वीज आल्यावर आत आली.

नंतर उलगडलं. तिचा ईमेल मोबाईलच्या दुकानात काढून दिलेला होता आणि तो तिथल्याही एका फोनवर उघडा राहिला होता. मंजुरी दिली की झूम ईमेलवर लिंक पाठवतंच, आम्ही व्हॉट्सॲपवर वेगळी पाठवली म्हणून ती थांबत नाही. तिकडून ती कोणीतरी वाचली. आता हेच सगळ्यांना एकच लिंक असती तर? आम्हांला कळलंच नसतं. आणि कळलं असतं तरी लिंक कुठून फुटली ते शोधायला चौसष्ट जणींकडे बघावं लागलं असतं. वेगळी लिंक असल्यामुळे कोणाकडे फुटली ते नावासकट दिसलं आणि तेवढीच बंद करता आली. त्या ताईचा काही दोष नव्हता, हे आम्ही गटात मुद्दाम सांगितलं. तिला मात्र त्याच संध्याकाळी नवा पासवर्ड लावायला बसवलं.

वेगळी लिंक काय करू शकत नाही, तेही बोलून टाकू. ती फोन ओळखते, माणूस ओळखत नाही. ताईच्या शेजारी खाटेवर सासू बसली असेल तर सासू ऐकणारच. फोनवर रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईला कोणतीही लिंक थांबवू शकत नाही. म्हणून कर्ज, मारहाण असल्या विषयाच्या बैठकीत आम्ही सुरुवातीलाच विचारतो, खोलीत आणखी कोण आहे? कोणी असेल तर ताईने नुसतं "आज आमच्याकडे पाऊस फार" असं म्हणायचं. मग तिला आम्ही त्या दिवशी काही विचारत नाही.

आणि हे आपल्या किनाऱ्यावरचं खास. जिथे रेंज नाही तिथे पाच बायका एका फोनसमोर बसतात. तिथे एकच लिंक द्यायची, ज्या बाईचा फोन तिच्या नावाने. त्या चौघींची नावं आम्ही आधी तिच्याकडून लिहून घेतो. बैठक सुरू झाली की कॅमेरा एकदा फिरवायला सांगतो, मग बंद केला तरी चालतो.

ज्यांच्याकडे पैसे भरलेलं झूम खातं नाही त्यांनी काय करायचं, असं परवा कोणीतरी विचारलं. गुगल मीटमध्ये प्रत्येकीला वेगळी लिंक मिळत नाही. पण त्याच्या जवळ जाणारी एक सोय आहे. बैठक गुगलच्या कॅलेंडरमधून ठरवा, प्रत्येकीचा जीमेल पत्ता घालून निमंत्रण पाठवा, आणि बैठकीच्या प्रवेशाची सेटिंग अशी ठेवा की निमंत्रण नसलेल्याला आधी परवानगी मागावी लागेल. मग निमंत्रित बाई आपल्या जीमेलने सरळ आत येते, बाकीचे दारावर टकटक करतात. इथे खूण लिंकची नाही, जीमेलची. म्हणून तिथे झिलाचा मेल अजिबात चालणार नाही, बाईचं स्वतःचं जीमेल हवं आणि फोनवर तेच उघडलेलं हवं. दहा-बारा जणींच्या बैठकीला हे पुरतं. रोजच्या बचतीच्या, लोणच्याच्या नि कोकमाच्या हिशोबाच्या बैठकीला तर आम्ही आजही साधी एकच लिंक टाकतो. कोकम सरबताचा भाव कोणी ऐकला तर ऐकू दे बापडा.

पहिल्या बैठकीतली ती ताई आता पुन्हा यायला लागली आहे. पहिल्या दिवशी तिने लिंक दाबण्याआधी फोन करून विचारलं, आत कोण कोण आहे? आम्ही तिला यादी वाचून दाखवली, एकेक नाव, एकेक गाव. सगळी ऐकून घेऊन मग ती आत आली.

पुढची बैठक घर आणि जमिनीच्या कागदांवर आहे. फॉर्म गटाच्या अध्यक्षांकडे आलेला असेल. भरताना नाव गटाच्या वहीत आहे तसंच लिहा, टोपणनाव नको. मंजुरीचा ईमेल no-reply@zoom.us या पत्त्यावरून येतो आणि त्यात ओटीपी किंवा बँकेचं काहीही विचारलेलं नसतं. तसं कोणी विचारलं तर तो आमचा मेल नाही. तुमची लिंक बैठकीच्या अर्धा तास आधी व्हॉट्सॲपवर येईल. नाही आली तर ग्रुपवर लिहू नका, आम्हांला फोन करा.